जलचक्राचा धडा आणि पाच सोपे प्रश्न

पुढची तीन वाक्यं वाचा. ‘टमकी झुरकली की तिचा भिंगोर होतो. भिंगोर वर जाऊन खुमतो. भिंगोर खुमला की सरडण येते.’ आता एका वाक्यात उत्तरं द्या. टमकी झुरकली की काय होतं? भिंगोर होतो. सरडण केव्हा येते? भिंगोर खुमला की. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, आणि यातल्या एकाही शब्दाला अर्थ नाही.

आता ‘पाण्याचे बाष्पीभवन होऊन बाष्प तयार होते, बाष्पाचे सांद्रीभवन होऊन ढग बनतात’ हे वाक्य तिसरी-चौथीच्या मुलाच्या नजरेनं बघा. त्याच्यासाठी बाष्पीभवन आणि भिंगोर यांत फारसा फरक नाही. धड्याखालचा स्वाध्याय विचारतो, ‘बाष्पाचे काय होते?’ मूल प्रश्नातला शब्द धड्यात शोधतं, त्याच्या पुढचा शब्द वहीत उतरवतं आणि वहीवर बरोबरची खूण मिळते. पाणी, ऊन, ढग यांचा विचार करायची वेळच त्याच्यावर येत नाही.

जलचक्राच्या धड्यावर लहान मुलांसाठी सोपे आकलन-प्रश्न हवेत, असं शिक्षक आणि पालक म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा असेच प्रश्न तयार होतात. ते सोपे असतात, पण ते काही विचारत नाहीत. सोपा प्रश्न म्हणजे ज्याची भाषा सोपी आहे, उत्तर उताऱ्यात आहे आणि तरीही उतारा समजल्याशिवाय ते देता येत नाही. असे प्रश्न काढता येतात. त्याची सुरुवात मात्र उताऱ्यापासून करावी लागते, कारण ज्या वाक्यातून नुसता शब्द उचलता येतो, त्यावर चांगला प्रश्न काढणं अवघड असतं.

म्हणून आधी एक उतारा लिहू. नुकतंच स्वतःचं स्वतः वाचायला लागलेल्या मुलाला एका दमात वाचता येईल एवढाच.

‘मीनाने ओट्याची फरशी पाण्याने धुतली. फरशीवर थोडे पाणी साचून राहिले. ऊन वर आले आणि थोड्या वेळाने फरशी कोरडी झाली. उन्हाच्या उष्णतेने पाण्याची वाफ झाली होती. ही वाफ डोळ्यांना दिसत नाही. ती हवेत मिसळते आणि हवेबरोबर उंच जाते. उंचावर हवा थंड असते. थंड झाल्यावर वाफेचे पुन्हा पाण्याचे बारीक थेंब होतात. असे असंख्य थेंब एकत्र तरंगतात, तेव्हा आपल्याला ढग दिसतो. थेंब एकमेकांत मिसळून मोठे आणि जड झाले की पाऊस पडतो. पावसाचे काही पाणी ओढ्यांतून आणि नद्यांतून वाहत जाते. काही पाणी जमिनीत मुरते. जमिनीत मुरलेले पाणी झिरपत झिरपत विहिरीत येते.’

यात मुद्दाम फरशी घेतली आहे. आपल्याकडे सहज सुचतो तो अंगणातला सडा. पण मातीच्या अंगणात पाणी मुरतंसुद्धा. ‘सड्याचं पाणी कुठे गेलं?’ असं विचारलं आणि एखादी मुलगी ‘जमिनीत गेलं’ म्हणाली, तर ती चुकलेली नाही, आपण घेतलेलं उदाहरण चुकलेलं आहे. ‘बाष्पीभवन’ आणि ‘सांद्रीभवन’ हे शब्दही इथे नाहीत. आधी घडतं काय हे कळलं की नाव शेवटी सांगता येतं, आणि तेव्हा ते लक्षात राहतं.

पहिला प्रश्न असा: फरशीवरच्या पाण्याचं काय झालं? ‘त्याची वाफ झाली आणि ती हवेत मिसळली’ हे उत्तर उताऱ्यात जवळजवळ जसंच्या तसं आहे. सुरुवातीला असा एक प्रश्न हवाच, कारण अडखळत वाचणाऱ्या मुलालाही पहिलं उत्तर मिळालं की पुढचं वाचायचा धीर येतो. तरीही हा प्रश्न नुसत्या नकलेवर सुटत नाही. प्रश्नात ‘फरशीवरचं पाणी’ आहे, उत्तराच्या वाक्यात ‘फरशी’ शब्द नाही. ‘पाण्याची वाफ झाली होती’ यातलं पाणी म्हणजे फरशीवरचंच पाणी, हे मुलाला जोडावं लागतं. तेवढीशी उडीसुद्धा तिसरीच्या मुलासाठी खरं वाचन आहे.

इथे जी उत्तरं चुकतात ती ऐकण्यासारखी असतात. ‘पाणी संपलं’, ‘पाणी नाहीसं झालं’, ‘फरशीनं पिऊन टाकलं’, ‘सूर्यानं ओढून घेतलं’. पहिल्या दोन उत्तरांत मूल असं मानतं की जे दिसत नाही ते उरतच नाही. जलचक्राची अख्खी कल्पना या एका ठिकाणी अडते. पाणी संपलं असेल, तर ढगात येणार कुठून? न्यूझीलंडमधल्या रॉजर ऑसबर्न आणि मार्क कॉसग्रोव्ह या दोन संशोधकांनी मुलांशी याच विषयावर सविस्तर बोलून १९८३ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. उकळत्या पाण्यातले बुडबुडे कशाचे, असं विचारल्यावर कुणी हवेचे म्हणालं, कुणी उष्णतेचे, तर मोठ्या वर्गातली काही मुलं हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे असंही म्हणाली. शाळेत बरंच शिकून झालेल्या मुलांनाही ते बुडबुडे पाण्याचेच आहेत हे पटत नव्हतं. तेव्हा ‘पाणी संपलं’ म्हणणाऱ्या आठ वर्षांच्या मुलावर चूक अशी फुली मारून पुढे जाऊ नये. ‘ही वाफ डोळ्यांना दिसत नाही’ या वाक्यावर त्याचं बोट ठेवायला लावावं आणि ते पुन्हा वाचून घ्यावं.

दुसरा प्रश्न दिसायला सर्वांत सोपा आहे, आणि तो मला सर्वांत आवडतो: ढग कशाचा बनलेला असतो? उताऱ्यात स्पष्ट लिहिलं आहे, पाण्याच्या बारीक थेंबांचा. पण उतारा वाचूनही बरीच मुलं ‘वाफेचा’ म्हणतील, आणि घरातल्या मोठ्यांना विचारलं तर तेही तेच म्हणतील. दिसणारी पांढरी वाफ आपण रोज बघतो. पातेल्यावरचं झाकण काढलं की जे पांढरं वर येतं, त्याला आपण वाफ म्हणतो. खरी वाफ दिसत नसते. चहाच्या किटलीच्या तोंडाजवळ बारकाईनं पाहिलं, तर अगदी टोकाशी थोडी मोकळी जागा दिसते, आणि पांढरेपणा त्याच्या पुढे सुरू होतो. त्या मोकळ्या जागेत वाफ असते. पांढरे दिसतात ते तिचे थंड होऊन झालेले थेंब. ढगाचंही तसंच. फार उंचावरच्या ढगांत थेंबांऐवजी बर्फाचे कण असतात, पण ते तिसरीच्या मुलाला सांगायची घाई नको.

ढग म्हणजे वाफ, असं मुलानं धरून ठेवलं तर पुढची पायरी निसटते. वाफेतून एकदम पाऊस कसा पडतो, हे त्याला सांगता येत नाही. मग ‘ढग एकमेकांवर आपटतात’ किंवा ‘ढग फुटतो’ अशी उत्तरं येतात. बारीक थेंब म्हटलं की गाडी सरळ चालते, कारण थेंब आधीपासून आहेतच, त्यांनी फक्त मोठं व्हायचं आहे. ढगातला थेंब इतका लहान असतो की साधारण दहा लाख थेंब एकत्र आले तर पावसाचा एक थेंब होतो. हा आकडा मुलांना सांगावा. तो त्यांना आवडतो, आणि ढग तरंगतो कसा, या त्यांच्या मनातल्या शंकेला निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

तिसरा प्रश्न क्रम लावण्याचा. स्वाध्यायात असा प्रश्न नेहमी असतो, पण तो बहुधा ‘समुद्राच्या पाण्याची वाफ होते’ इथून सुरू होतो. मुलांनी ती साखळी त्याच क्रमानं पाठ केलेली असते, म्हणून धडा न वाचताही ती बरोबर लागते. सुरुवातीची जागा बदलली की काम होतं. ‘पाऊस पडला’ हे पहिलं वाक्य समजा आणि पुढची तीन वाक्यं क्रमानं लावा: ‘वाफेचे बारीक थेंब झाले’, ‘ओट्यावर पाणी साचले’, ‘पाण्याची वाफ झाली’. ज्यानं पाठ केलंय तो इथे थबकतो, कारण त्याची साखळी पाऊस पडण्याशी संपते. ज्याला समजलंय तो आधी पाणी साचवतो, मग त्याची वाफ करतो, मग थेंब. चक्र कुठूनही सुरू करता येतं, हे एका ओळीत सांगून कळत नाही. या प्रश्नात ते आपोआप करून बघावं लागतं.

क्रमाच्या प्रश्नाबरोबर पुस्तकातलं ते ओळखीचं चित्र येतं: समुद्र, त्यावरून वर जाणारे बाण, ढग, डोंगर, पाऊस, नदी आणि परत समुद्र. चित्र चांगलं आहे, पण त्यावरून मुलांचे दोन समज होतात. एक म्हणजे वाफ फक्त समुद्रातून होते. आपल्या उताऱ्यात म्हणूनच समुद्राचं नावही नाही, ओट्यावरचं मूठभर पाणी आहे. दुसरा समज असा की समुद्रावरून निघालेलं पाणी डोंगरावर जाऊन पडतं आणि त्याच वाटेनं परत येतं. खरं तर समुद्रातून वर गेलेल्या पाण्यापैकी सुमारे ९० टक्के पाणी पावसाच्या रूपानं पुन्हा समुद्रावरच पडतं. जमिनीवर येतं ते उरलेलं. आणि तेही आलं तिथेच परतेल असं नाही. जुन्या महाबळेश्वरात एकाच परिसरातून निघणाऱ्या दोन नद्या बघा. अरबी समुद्रावरून आलेला पाऊस तिथे पडतो. सावित्रीत गेलेलं पाणी कोकणात उतरून पुन्हा अरबी समुद्राला मिळतं आणि कृष्णेत गेलेलं पाणी सगळं दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराला. सातारा-सांगलीकडच्या शाळेत हा नकाशा फळ्यावर काढला, तर चित्रातल्या बाणांपेक्षा जास्त कळतं. मात्र त्यावरचा प्रश्न पुढच्या इयत्तेसाठी ठेवावा.

चौथा प्रश्न दोन वाक्यं जोडायला लावणारा: पुष्कळ दिवस पाऊस पडला नाही, तर विहिरीचं पाणी का कमी होतं? ‘पाऊस’ आणि ‘विहीर’ हे दोन शब्द उताऱ्यातल्या एकाही वाक्यात एकत्र नाहीत. पावसाचं काही पाणी मुरतं, आणि मुरलेलं पाणी विहिरीत येतं, ही दोन वाक्यं मुलानं स्वतः सांधायची आहेत. ‘कारण पाऊस नाही’ एवढंच उत्तर आलं तर ते अर्धं आहे. ‘मग पावसाचं पाणी विहिरीत कसं येतं?’ असं लगेच विचारावं. कुणी म्हणेल, वरून पडतं. विहिरीच्या तोंडातून पडणारं पाणी अगदीच थोडं असतं, आणि पाऊस थांबून महिने झाले तरी विहिरीत पाणी असतं, हे खेड्यातल्या मुलाला ठाऊक असतं. तिथून ते स्वतःच ‘झिरपत’ या शब्दाकडे येतं.

काही मुलं सांगतात की जमिनीखालून समुद्राचं पाणी विहिरीत आणि नदीत येतं. या उत्तराला हसू नये. युरोपातले मोठमोठे विद्वान शतकानुशतकं हेच मानत होते. एवढ्या मोठ्या नद्या नुसत्या पावसावर कशा वाहतील, हे त्यांना पटत नसे. फ्रान्समध्ये पिएर पेरो यानं सेन नदीच्या उगमाकडच्या खोऱ्यात वर्षभरात किती पाऊस पडतो आणि तिथून नदी किती पाणी वाहून नेते, याचा हिशेब मांडला आणि तो १६७४ साली छापला. पाऊस नदीच्या पाण्याच्या सुमारे सहापट भरला. म्हणजे नदीला पुरून उरेल एवढं पाणी वरूनच येत होतं. मोठ्यांना जे पटायला मोजमाप करावं लागलं, ते आठ-नऊ वर्षांच्या मुलाला दोन वाक्यं जोडून कळत असेल, तर त्यासाठी त्याला पुरेसा वेळ द्यायला हवा.

वेळेचा मुद्दा इथेच सांगितलेला बरा. अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी वर्गातल्या संवादांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना आढळलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सुमारे एक सेकंद थांबतात आणि मग दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देतात. हे थांबणं तीन सेकंदांपर्यंत नेलं, तेव्हा मुलांची उत्तरं लांबली आणि गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. पहिल्या प्रश्नाला एक सेकंद कदाचित पुरेल. दोन वाक्यं जोडणाऱ्या चौथ्या प्रश्नाला तो अजिबात पुरत नाही.

पाचवा प्रश्न उताऱ्यातलं ज्ञान दुसरीकडे लावण्याचा: स्टीलच्या पेल्यात खूप थंड पाणी ओतलं. थोड्या वेळानं पेल्याच्या बाहेरच्या बाजूला थेंब दिसले. ते कुठून आले? इथे पर्याय द्यावेत, पण ते मुलांच्याच मनातले असावेत. पेल्यातलं पाणी बाहेर झिरपलं. पाण्याचा गारवा बाहेर येऊन त्याचे थेंब झाले. हवेतली वाफ थंड पेल्यापाशी थंड होऊन तिचे थेंब झाले. ‘पेल्याला ताप आला’ अशा भलत्याच पर्यायांचा उपयोग नसतो, ते कुणीच निवडत नाही आणि बरोबर उत्तर आयतं उघडं पडतं. गारवा बाहेर आला, हा पर्याय मोठ्यांना विचित्र वाटेल, पण ऑसबर्न आणि कॉसग्रोव्ह यांना मुलांनी अशीच उत्तरं दिली होती.

हा प्रश्न माठावर मात्र कधी काढू नये. माठ खरोखरच पाझरतो, त्यामुळे ‘आतलं पाणी बाहेर आलं’ हे तिथे बरोबर उत्तर आहे. स्टील किंवा काच हवी. शंका राहिलीच, तर पेल्यात कोकम सरबत ओतावं, त्यावर ताटली झाकावी आणि बाहेरचे थेंब बोटानं टिपून बघायला सांगावेत. आत लाल सरबत आणि बाहेर स्वच्छ पाणी दिसलं की झिरपण्याचा पर्याय मुलंच खोडतात. कोकणात हे केव्हाही करता येतं. विदर्भात मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की नुसत्या गार पाण्यानं थेंब येतीलच असं नाही. तिथे बर्फ घालावा, किंवा हा प्रश्न पावसाळ्यासाठी ठेवावा.

प्रश्न काढताना आणखी एक गोष्ट हमखास चुकते. समुद्राचं पाणी खारट, मग पावसाचं खारट का नसतं? प्रश्न सुंदर आहे, पण आपल्या उताऱ्यावर तो आकलनाचा प्रश्न होत नाही, कारण मिठाचा उल्लेख उताऱ्यात कुठेच नाही. पेण-उरणकडच्या ज्या मुलानं मिठागर पाहिलंय, तो उत्तर देईल आणि भंडाऱ्याचा मुलगा देणार नाही. त्या दोघांच्या वाचनात फरक आहे असं त्यावरून ठरत नाही. हा प्रश्न हवाच असेल, तर उताऱ्यात एक वाक्य वाढवावं: ‘पाण्याची वाफ होते, तेव्हा त्यातले मीठ खालीच राहते.’ मग दोघांनाही सारखी संधी मिळते. ‘रात्री फरशी वाळेल का?’ या प्रश्नाचंही तेच. वाळेल, कारण वाफ कमी-अधिक वेगानं सतत होत असते. पण उताऱ्यात फक्त उन्हाचं बोललेलं आहे, म्हणून नीट वाचणारं मूल ‘नाही’ म्हणेल. तो प्रश्न कागदावर विचारायचा नाही. रात्री फरशी ओली करायची आणि सकाळी बघायची.

आपले प्रश्न खरे उतरले की नाही, हे तपासायची एक साधी पद्धत आहे. उतारा न वाचलेल्या मुलाला ते आधी विचारून बघा. तो सगळी उत्तरं देऊ शकला, तर ते प्रश्न उताऱ्याबद्दल नाहीत. मग उताऱ्यातला महत्त्वाचा शब्द बदलून, म्हणजे ‘वाफ’च्या जागी ‘भिंगोर’ घालून, तेच प्रश्न स्वतःला विचारा. तरीही उत्तरं सहज लिहिता आली, तर ते प्रश्न शब्द शोधायला लावणारे आहेत. वरच्या पाचांत पहिला प्रश्न या दुसऱ्या कसोटीवर थोडा कच्चा ठरतो, तो धीर देण्यासाठी ठेवला आहे. बाकीचे टिकतात, पाचवा सर्वांत जास्त.

घरी किंवा वर्गात हे प्रश्न वापरणार असाल, तर एकच विनंती. मुलाचं उत्तर चूक असो की बरोबर, खूण करण्यापूर्वी त्याला एवढंच विचारा, ‘हे तुला उताऱ्यातल्या कुठल्या वाक्यावरून कळलं?’ आणि ते वाक्य दाखवेपर्यंत थांबा.